बाबांच्या पाठीमागचा कॅमेरा

माझी बहीण नीलिमा सिनेमे कापते. रायपुरात छत्तीसगढी सिनेमे निघतात, बऱ्यापैकी निघतात, आणि त्यातले काही तिच्या हाताखालून जातात. तेलीबांध्याला एका मोबाइलच्या दुकानावर तिची एडिटिंगची खोली आहे. मी उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. शिफ्ट संपली की तिच्याकडे जाऊन बसतो, फुकटचा एसी खातो आणि तिला फुकटचे सल्ले देतो. ती एकही ऐकत नाही, म्हणून तिचं काम चांगलं होतं असं आई म्हणते.

यंदाच्या सिनेमात आमचे बाबाच शिरले. दयाराम, रेल्वेतून रिटायर. भनपुरीच्या एका घराच्या अंगणात शूटिंग होतं आणि बापाचं काम करणारा नट ऐन दिवशी तापाने आडवा झाला. बाबा नीलिमाचा डबा पोचवायला गेले होते. डायरेक्टर इंद्रजीतने त्यांचा पांढऱ्या मिशांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "अंकल, ॲक्टिंग करोगे?" आता हा प्रश्न बाबांना विचारणं म्हणजे भुकेल्याला जेवतोस का विचारणं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात कॉलनीतलं एकही नाटक त्यांच्याशिवाय झालेलं नाही.

सीन साधा होता. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी परत येते, फाटकाशी उभी राहते. बाप तिला आत घेत नाही. दोघंच माणसं, थोडंसं बोलणं. इंद्रजीतने तो रीतसर घेतला. आधी मास्टर, म्हणजे दोघंही दिसतील असा लांबचा शॉट, पूर्ण सीन एका दमात. मग बाबांच्या खांद्यावरून मुलीचा. मग मुलीच्या खांद्यावरून बाबांचा. शेवटी दोघांचे वेगवेगळे क्लोज, नुसत्या चेहऱ्यांचे.

आणि तिथंच बाबांनी घोळ घातला. कॉलनीच्या स्टेजवर त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: पब्लिककडे तोंड करून बोलायचं आणि शेवटच्या सतरंजीपर्यंत आवाज पोचवायचा. त्यांनी कॅमेऱ्यालाच पब्लिक समजलं. "ॲक्शन" म्हटलं की समोरची मुलगी गेली उडत, बाबा थेट काचेत बघून गरजायचे, "तोर बर ये घर के दुआर बंद हे!" मुलीचं काम करणारी चेतना बिचारी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून त्यांची नजर शोधत राहिली.

इंद्रजीतला हे एडिटिंगच्या टेबलावर आल्यावर कळलं. त्याने स्वतःच घाईत एक कच्ची जुळणी करून आणली होती: जो बोलेल त्याचा क्लोज, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बघताना माझीच मान दुखली. बाबा प्रत्येक वाक्याला पडद्यातून माझ्यावर डाफरत होते.

"दीदी, बुरा मत मानना," इंद्रजीत म्हणाला, "अंकलवाला सीन संडे को दूसरे आर्टिस्ट से फिर से लेंगे."

माझं डोकं सणकलं. बाबांनी अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, सांगून ठेवलं होतं. शेजारच्या शांताबाईंनी तर सिनेमा बघायला जायची साडीसुद्धा ठरवली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नीलिमाने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"शनिवारपर्यंत मले टाइम दे," ती म्हणाली. "नाही जमलं तर मीच सांगतो बाबाले."

इंद्रजीत गेल्यावर मी म्हटलं, "काहीही कर, पण बाबाचा सीन वाचव."

"बाबा आहे म्हणून नाही वाचवणार. सीनमध्ये काही असन तर तो आपोआप वाचन."

अशी आहे ही. रागही येतो आणि छातीही फुगते.

तिने सगळे टेक पहिल्यापासून बघायला घेतले. मी शेजारी. बाबांचा क्लोज: काचेत नजर, बाद. चेतनाच्या खांद्यावरून बाबा: तेच, बाद. मग बाबांच्या खांद्यावरून घेतलेला शॉट लागला. त्यात बाबांची पाठ, कान, गमछा, आणि पलीकडे चेतनाचा चेहरा. नीलिमा एकदम पुढे सरकली. "ऐक," म्हणाली.

बाबा हळू बोलत होते. घरी बोलतात तसं. कॅमेरा पाठीमागे होता, समोर पब्लिक नव्हतंच, समोर फक्त एक रडवेली पोरगी होती. तेच वाक्य, तिच्यासाठी घराचं दार बंद असल्याचं, इतक्या खोल गेलेल्या आवाजात की मिलमध्ये दिवसभर कान फोडून घेतलेल्या मलाही ते लागलं. कॉलरच्या माइकने ते नीट पकडलं होतं. ओठ तर दिसतच नव्हते, म्हणजे हा आवाज कुठल्याही शॉटवर लावता येणार होता.

मग तिने कामाला हात घातला. सुरुवात मास्टरने केली आणि तो बराच वेळ तसाच चालू दिला. लांबून बाबा खुर्चीवर, नजर समोर अंगणात. मुलगी बाजूला फाटकाशी. जी नजर जवळून चूक वाटत होती, तीच लांबून, बाप मुलीकडे बघायलाच तयार नाही, अशी वाटायला लागली. बाबा खुर्चीतून उठतात त्या उठण्याच्या मधेच तिने कापलं आणि उरलेलं उठणं पाठीमागून दाखवलं. जोड कुठे आहे तो मला दोनदा बघूनही सापडला नाही. पुढे भांडण तापत गेलं तसे तुकडे आखूड होत गेले: खांद्यावरून चेतना, चेतनाचा क्लोज, पुन्हा खांद्यावरून. बाबांची सगळी वाक्यं ऐकणाऱ्या चेतनाच्या चेहऱ्यावर.

"बाबाचं तोंड कुठाय?" मी न राहवून विचारलं.

"एकदाच दाखवायचं आहे. आधी दाखवलं तर शेवटी त्याचं वजन नाही राहत."

पण दाखवायला चांगला क्लोज होता कुठे? तो तिला "ॲक्शन" म्हणायच्या आधीच्या भागात सापडला. कॅमेरा सुरू झाला होता, क्लॅप देऊन झाला होता, आणि काचेशेजारी चेतना स्वतःशीच आपलं वाक्य घोकत होती. बाबांना वाटलं अजून सुरुवात नाही. ते नुसते तिचं ऐकत होते. हनुवटी जराशी हलली, डोळे भरत आले, आणि त्यांनी ते आवरले. पुढच्या क्षणी "ॲक्शन" झालं आणि ते पुन्हा नट झाले.

चेतनाच्या "बाबू, भीतर आवँव का?" या, आत येऊ का विचारणाऱ्या वाक्यापाठोपाठ नीलिमाने तो तुकडा लावला. वर आवाज नाही, संगीत नाही. बाबांचा चेहरा, आता कापेल असं वाटल्यावरही थोडा जास्त वेळ. मग पुन्हा मास्टर: फाटक, अंगण, दोघं.

शनिवारी इंद्रजीतने बघितलं. लगेच फोन उचलला आणि रविवारचं शूटिंग रद्द केलं. "दीदी, ये शॉट मैंने कब लिया था?" एवढंच विचारत राहिला.

बाबांना मीच घेऊन आलो. मला धाकधूक होती, कारण ज्या गर्जनेची त्यांनी पाऱ्यात जाहिरात केली होती, ती कुठेच नव्हती. ते खुर्चीच्या टोकावर बसून बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "काहून ओ, माही पाठच दाखवून राहिली?" नीलिमाने नुसतं पडद्याकडे बोट केलं. मग तो क्लोज आला.

सीन संपला. त्यांनी चष्मा काढला, गमछ्याने पुसला, पुन्हा लावला. स्वतःची वाहवा करतील असं मला वाटलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, नीलिमाकडे बघत होते.

"तू मले इतकं पाहून राहते," ते म्हणाले, त्याच खोल गेलेल्या आवाजात, "हे मले माहीत नव्हतं, पोरी."