दोन कार्डं

ही गोष्ट अजून एकाही माणसाच्या कानावर गेलेली नाही. आईच्याही नाही, आणि जिच्या कानावर जायला हवी होती तिच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठून पाणी पिऊन आले.

आम्ही बोईसरला स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहत होतो. वडील तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होते. सकाळी कामाच्या बसने जायचे, संध्याकाळी सिमेंटने पांढरे होऊन यायचे. कॉलनीतलं घर मिळणार होतं, पण ते अजून बांधायचंच होतं. मी मुंबईच्या शाळेच्या बोर्डिंगात, इंग्रजीत शिकलेली. बोईसरला आले तेव्हा मला शेजारणीशी दारात उभं राहून चार वाक्यं बोलायची म्हटली तरी घाम फुटायचा. काय बोलायचं ते कळायचं नाही असं नाही. पण मी मनात वाक्य जुळवेपर्यंत ती बाई आत गेलेली असायची.

म्हणून पालघरच्या टायपिंगच्या क्लासात इंदू भेटली हे माझं मोठंच भाग्य. ती शेजारच्या मशीनवर बसायची. तिच्या मशीनची एक कळ अडकायची, आणि ती दर वेळी त्या कळीला समजावल्यासारखं पुटपुटायची, "चल गं बाई, किती नखरे." मी हसले. ओळख झाली ती एवढ्यावरच. तिचं घर पालघरच्या बाहेर वाडीत, केळी आणि पानवेलीतलं. कधीमधी ती मला तिकडे घेऊन जायची. मी कमी बोलते याचा तिला कधी त्रास झाला नाही. क्लास सुटल्यावर आम्ही स्टेशनवर माझ्या गाडीची वाट बघत बसायचो, ती बोलायची, मी ऐकायची. पुढे क्लास पुरा झाला तरी पत्रं चालू राहिली. तिची पत्रं लांब असत, माझी कार्डं आखूड. त्याचंही तिला काही वाटायचं नाही.

मग तिची आई गेली.

ते पत्र आलं तेव्हा मी ओट्यावरच होते. चिंचणीची एक कोळीण टोपली उतरवून आईशी भावावरून घासाघीस करत होती. निळं आंतरदेशीय पत्र, वर 'श्री' नाही, म्हणजे कोणी गेल्याचं. आमच्याकडे असं पत्र घरात नेत नाहीत, दाराबाहेरच वाचतात आणि वाचून झालं की फाडून टाकतात. घरात ठेवत नाहीत. हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. मी उभ्यानेच वाचलं. पहिल्या चार ओळींत आई गेल्याचं. त्याखाली बरंच काही – तिच्या नेहमीच्या तिरक्या अक्षरात. घरात बायका येतात, सारख्या बोलतात, रडायला लावतात. दिवस संपले की पहिल्या शनिवारी तू ये. तू काही बोलू नकोस, नुसती येऊन बस. दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर येईन. जमणार नसेल तर कार्ड टाक, म्हणजे मी उगाच थांबणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग आईला दिलं. तिने वरच्या ओळी वाचल्या, "अरे देवा, पोरीची आई," म्हणाली, आणि फाडण्यापूर्वी मला विचारलं, "पुरतं वाचलंस ना?"

मी हो म्हटलं.

हा प्रश्न लक्षात ठेवा. मला तो विसरता आलेला नाही.

कोळणीने विचारलं, "कोन गेला, बाय?" आईने सांगितलं, लेकीच्या मैत्रिणीची आई. "तिला भेटून ये गं," कोळीण मला म्हणाली. "नायतर मग जड जातं." आईने पत्राचे तुकडे बंबात टाकले, हात धुतले, आणि बोंबील निवडायला बसली.

मी गेले का? नाही. का नाही गेले – याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलं, आणि दर वेळी तेच हाती आलं. मला भीती वाटली. शाळेत आम्हाला अशा प्रसंगी लिहायची इंग्रजी वाक्यं शिकवली होती, घडी घालून ठेवलेल्या रुमालांसारखी. मराठीत माझ्याकडे एकही नव्हतं. त्या घरातल्या बायका विचारतील तू कोण, कुठली, आणि मी गप्प राहीन, आणि त्यांना वाटेल शिकलेली मुलगी शिष्ट आहे. बस, इतकंच. तिने तर लिहिलंच होतं, बोलू नकोस म्हणून. आणखी किती सोपं करायला हवं होतं तिने?

कार्ड टाकता आलं असतं. घरात कार्डं होती, स्टेशनाजवळच पेटी होती. पण कार्डावर काय लिहायचं? 'येऊ शकत नाही' – का? तो शनिवार आला. दुपारची गाडी आमच्या घरावरून शिटी देत गेली. मी तांदूळ निवडत होते. तांदळाकडेच बघत राहिले.

त्यानंतर दर दिवशी ते उत्तर थोडं थोडं महाग होत गेलं. पहिल्या आठवड्यात दोन ओळी पुरल्या असत्या. पुढच्या आठवड्यात त्या दोन ओळींच्या आधी क्षमा मागणं आलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसत्या क्षमेने भागेना, कारण द्यावंसं वाटू लागलं. उशिरा लिहायचं म्हणजे चांगलं लिहायला हवं, चांगलं लिहायचं म्हणजे वेळ हवा, आणि म्हणून आणखी उशीर. मी रोज सकाळी ठरवायची, आज लिहू. संध्याकाळपर्यंत ठरवण्यानेच थकून जायची. आई विचारायची, "इंदूला लिहिलंस का?" मी म्हणायची, "लिहिते." ते खोटं नव्हतं असं मला वाटायचं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठे बसले. पहिलं पत्र चार पानी झालं. वाचून बघितलं तर त्यात सगळीकडे मीच. मी किती वाईट, मला किती लाज वाटते, मला क्षमा कर, मला क्षमा कर. आई तिची गेली होती आणि समजूत तिने माझी घालायची? ते फाडलं. दुसऱ्यात मी काही झालंच नाही असं दाखवलं. कॉलनीचा पाया खणला, वडिलांना खोकला झाला, वगैरे. वाचताना ते मलाच कोरडं वाटलं. तेही फाडलं.

तिसरं जमलं. मला अजून पाठ आहे. 'इंदू, तुझं पत्र मिळालं होतं. मी आले नाही आणि कार्डही टाकलं नाही. मला घाबरायला झालं, दुसरं कारण नाही. तू स्टेशनवर थांबली असशील. माझं चुकलं. तुझी आई नेहमी गूळपोळीचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायची, ते मला रोज आठवतं. लगेच उत्तर लिहायला हवं असं नाही. पण एक सांग, तुझ्या मशीनची ती कळ अजून अडकते का?'

एवढंच. क्षमा एका ओळीत. कारण खरं आणि लहान. तिने जे सोसलं असेल त्याचा उल्लेख. तिच्या आईची एक आठवण, आणि शेवटी असा एक प्रश्न, की ज्याचं उत्तर दमलेल्या माणसालाही देता यावं. याहून जास्त काही लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं होतं. मला येत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला आलं होतं.

पत्ता लिहिला. डिंक लावायला बोट ओलं केलं. आणि 'घाबरायला झालं' या शब्दांवर नजर अडकली. तिने ते वाचलं की तिला कळेल मी कशी आहे. हे तिला आधी कळलंच नसेल का? पण मला ते माझ्या अक्षरात नको होतं.

मी नवीन पत्र घेतलं. लिहिलं – आमच्याकडे असं पत्र लगेच फाडतात. मी वरच्या ओळी वाचल्या तोवर आईने ते माझ्या हातातून घेऊन फाडलं. खाली तू काही लिहिलं होतंस का? दुःखाच्या घरी लगेच पत्र नको म्हणून थांबले, त्यात उशीर झाला, क्षमा कर. गूळपोळी तशीच ठेवली, मशीनची कळही तशीच ठेवली. आणि ते स्टेशनाजवळच्या पेटीत टाकून येताना हातपाय हलके झाले होते, हेही सांगून टाकते.

चार दिवसांत उत्तर आलं. 'कळ अजून अडकते, आता नवीन मुलगी तिला शिव्या देते.' त्याखाली – 'अगं, मीच वेडी. असल्या पत्रात कोणी कामाचं लिहितं का? मी तुला यायला सांगितलं होतं आणि दोन शनिवार स्टेशनवर जाऊन बसले. बाबा म्हणाले, येणारी असती तर आली असती. मला तुझा राग आला होता, खोटं का सांगू. आता फार बरं वाटलं. आईंना सांग, त्यांची काही चूक नाही.'

आईंना सांग. मी काय सांगणार होते आईला?

बोलणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यासारखं. ती लांब लिहायची, मी आखूड. मी तिच्याकडे गेलेही, भाताची लावणी झाल्यावर. खरं सांगायला जागा कितीदा तरी होती. दर वेळी मला वाटायचं, आता सगळं नीट चाललंय, कशाला. मग तेही वाटेनासं झालं.

या हिवाळ्यात तिचे बाबा गेले.

पोस्टमनने एकाच वेळी दोन कार्डं दिली. एकावर 'श्री' नव्हतं, बाबा गेल्याच्या तीन ओळी होत्या. दुसऱ्यावर मथळ्याला 'श्री' होतं आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं – 'हे फाडू नका. सुधासाठी. शनिवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर आहे.' आईने पहिलं कार्ड ओट्यावर उभं राहून वाचलं, फाडलं. दुसरं उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "बघ, एक फाडायला, एक ठेवायला," ती म्हणाली. "आईबाप गेले तरी पोरीचं डोकं ठिकाणावर आहे. हे कसं सुचलं असेल तिला?"

मी म्हटलं, "कोणास ठाऊक."

शनिवारी गेले. इंदू फलाटावर बाकावर बसली होती, आम्ही बसायचो त्याच. तिने माझी पिशवी घेतली. घरी बायका होत्या. तिची काकी म्हणाली, "तुमी बोईसरशी आल्या? बसा, बसा. पयल्या वेळेला नाय दिसल्या." मी तोंड उघडलं. इंदूने माझ्याआधीच सांगितलं, "काकी, तिला कळलंच नव्हतं. पत्र फाडलं होतं त्यांच्याकडे."

काकीने मान हलवली आणि मला सरकून जागा दिली. मी तिथे बसले. इंदू माझ्या शेजारी. तिने त्या पहिल्या पत्रात सांगितलं होतं तसंच, काही न बोलता.