एक महिना पुढची तारीख

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना माझी पाळी चुकल्याचा महिना एकाने पुढचा सांगितला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "खरा महिना कोनले सांगू नको. नजर लागस." पहिलटकरणीचा महिना बाहेर चोरायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. दाखल्यावर बाळंतपणाची तारीख एप्रिलअखेरची पडली. खरी होती मार्चअखेरची.

मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. अर्ज लिहायला बसले आणि माझा हात खोटं लिहीना. प्रसूती रजा मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन महिने, तिच्या आधी साठलेली अर्जित रजा तीन आठवडे, आणि प्रसूती रजेच्या मागेही महिनाभर. आधीच्या रजेत मला असोद्याला, आईकडे पोचायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर सासूबाईंनाही मान्य होतं.

हेडक्लार्क नानांनी अर्ज आणि दाखला शेजारी ठेवले.

"ताई, तारखा जुळत नाहीत. दाखल्याप्रमाणे तुमची प्रसूती एप्रिलअखेर. मग मार्चची अर्जित रजा कशाला लागून द्यायची? नुसती मागाल तर मार्चअखेरच्या कामात साहेब सही करणार नाहीत. आणि मागची रजा जोडायची तर त्यालाही वैद्यकीय दाखला लागेल."

ते नियमानेच बोलत होते, म्हणून जास्त राग आला. खरं सांगावं तर सासू खोटी ठरते, गप्प बसावं तर खुर्चीतच कळा येतात. रोज देवपूरच्या घरून पूल ओलांडून कचेरीत यायचे, सुजलेले पाय टेबलाखाली लपवायचे. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "आईला दुखवू नको, बघू." बघायला माझ्याकडे वेळ कुठे होता?

मार्च लागला आणि एका सकाळी पोट कडक झालं. मी चुलीपाशी उभी राहून ओरडले, "आता तुम्हीच चला आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगा!" तोपर्यंत त्या घरात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. सासूबाई दवाखान्यात आल्या. नर्स बाहेर जाईपर्यंत थांबल्या, मग बाईंच्या कानाशी म्हणाल्या, "हिले नववा लागी गया शे."

बाईंनी तपासलं, चिडल्या, दुसरा दाखला लिहिला. मार्चअखेरची तारीख, बाळंतपणानंतरही विश्रांतीची गरज, सगळं नीट. शेवटी एक ओळ होती : रक्तदाब वाढलेला, प्रवास करू नये.

नानांनी त्याच दिवशी कागद पुढे सरकवला. साहेबांनी सही केली. मागितली तेवढी सगळी रजा मिळाली, आधीची आणि मागचीही. मी देवपूरच्या खोलीत खाटेवर बसले आणि खूप रडले. सासूबाई दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. मग डोळे पुसून आईला कार्ड लिहिलं की मी येत नाही, जमलं तर तूच ये.