ओठ ओले करण्याचं उत्तर

विश्रामबागेतल्या त्या कार्यालयातून मी बाहेर पडले तेव्हा दुपार झाली होती. मुलाखतीतलं सादरीकरण बरं झालं होतं. स्लाइड वेळेत संपल्या, अक्षरं मागच्या खुर्चीवरूनही वाचता येत होती, आणि समोरच्या तिघांपैकी कुणी मला मध्येच थांबवलं नाही. तरी बसस्थानकाकडे जाताना मला कळत होतं की एका प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे बरोबर, पण माझ्याकडून चुकीचं.

मुलाखत घेणारी ही संस्था गंभीर आजाऱ्यांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. त्यांना कराड आणि पाटण तालुक्यांसाठी कुटुंब-प्रशिक्षक हवा होता. आजारी माणसाला कुशीवर कसं वळवायचं, नळीतून अन्न कसं द्यायचं, दुखण्याच्या औषधाची वेळ का चुकवायची नाही, हे घरच्यांना शिकवणारा. नर्सिंगची पदवी लागत नाही, शिकवण्याचा अनुभव हवा, असं जाहिरातीत होतं. मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि मुलांना संदर्भ शोधायला शिकवायचे. दादा आजारी पडला तेव्हा ती नोकरी सोडली आणि उंब्रजला त्याच्या घरी येऊन राहिले. मागच्या हिवाळ्यात तो गेला. त्यानंतर मी कुठेच गेले नव्हते. जाहिरात वाचली आणि खूप दिवसांनी वाटलं की हे मला करायचं आहे. नुसतं मिळालं तर बरं, असं नाही. हेच करायचं आहे.

समोर संचालक डॉक्टरबाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेले एक विश्वस्त होते, आणि संस्थेच्या सर्वांत जुन्या परिचारिका. परिचारिकाबाई माझ्या स्लाइडकडे फारसं बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘ताई, पेशंटला गिळता येत नाही. आणि भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, माझ्या हातनं दोन घोट पाणी जाऊ दे. घरच्यांना तुम्ही काय शिकवाल?’’

मी म्हणाले, ‘‘पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका समजावून सांगेन. सोप्या भाषेतलं एक चित्रमय पत्रक करून खोलीत लावता येईल.’’

त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. मी मात्र स्लाइड बंद करण्यात गुंतल्याचं दाखवलं. कारण तसा फलक आमच्या घरी लागला होता, आणि त्याचं काय झालं होतं हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. अर्ज भरला तेव्हाच ठरवलं होतं की दादाचा उल्लेख करायचा नाही. त्याच्या जाण्यावर नोकरी मागायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

कराडला बस बदलून उंब्रजला पोचले तेव्हा वहिनी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

‘‘काय म्हनले?’’

‘‘कळवतो म्हणाले.’’

‘‘मंजी न्हाई म्हनायची रीत हाय ती.’’ तिने सूप माझ्याकडे सरकवलं. ‘‘बसा वन्सं. हात चालू ठेवा, डोकं आपोआप चालतंय.’’

मी तिला प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही सांगितलं. ती हसली नाही, पण हसू दाबलेलं दिसत होतं.

‘‘पत्रक लावणार? आपल्याकडं लागलं हुतं की.’’

दादा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला होता. अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्याचा घसा बंद झाला होता. पोटात बसवलेल्या नळीतून अन्न-पाणी जायचं, त्यामुळे अंगाला पाणी मिळत होतं, पण तोंड सारखं कोरडं पडायचं. एकदा आमच्या चुलत्यांनी मायेने त्याला चमच्याने पाणी पाजलं आणि तो इतका ठसकला की आम्ही घाबरून गेलो. शांत झाल्यावर त्याने मला खुणेने पुठ्ठा आणायला सांगितला आणि स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पानी पिलाना सख्त मना है’. खाली ‘हुक्म से’ असं लिहून सहीसुद्धा केली. तो पुठ्ठा दारावर लागला.

गावाने हुकूम पाळला. पाणी पाजणं बंद झालं, आणि हळूहळू माणसंही बंद झाली. कुणी रागावलं नव्हतं. आजाऱ्याजवळ बसायचं आणि हाताने काहीच करायचं नाही, हे लोकांना जमेना. दारातूनच वहिनीला विचारायचे, ‘‘बरं हाय न्हवं?’’ आणि पुढे जायचे. दादा खाटेवर पडून दाराकडे बघत राहायचा. एक दिवस अगदी बारीक आवाजात म्हणाला, ‘‘सगळी पलटन रजेवर गेली काय गं?’’

त्या वेळी कराडहून एक परिचारिका नळीच्या ड्रेसिंगला येत असे. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाणी गिळायला द्यायचं नाही, पण तोंड ओलं ठेवायलाच हवं. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ गॉज, म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड, बुडवायचं, चांगलं पिळायचं, आणि ओठ, जीभ, गालांची आतली बाजू पुसायची. हे काम मी दिवसातून कितीतरी वेळा करत होतेच. ते दुसऱ्या कुणाला देता येईल, असं मला सुचलं नव्हतं. सुचलं दादाला. त्याने वहिनीला पुठ्ठा काढायला लावला आणि दुसऱ्या दिवशी चुलते दारात दिसताच हात हलवून आत बोलावलं. वाटीकडे बोट करून म्हणाला, ‘‘नाना, ड्यूटी.’’

वहिनीने त्यांना आधी हात धुवायला लावले, मग गॉज पिळून दाखवलं. चुलत्यांनी ओठ ओले केले आणि तिथेच खाटेपाशी बसून राहिले. चार दिवसांत सगळी आळी येऊ लागली. कुणी घाई केली की दादा डोळे वटारायचा. वहिनी म्हणायची, ‘‘आवं, भिंत सारवताय का? दमानं.’’

शेंगा संपल्या तशी मी म्हणाले, ‘‘वहिनी, मुलाखतीनंतर आभाराचा निरोप पाठवायची पद्धत आहे. त्यात हे लिहू का?’’

ती टरफलं गोळा करत राहिली.

‘‘तुमचा भाऊ हुता, तसा माझा नवरा हुता,’’ ती म्हणाली. ‘‘कशाला लिवायचं ते सांगा. त्यास्नी दया यावी म्हनून?’’

‘‘नाही. मी चुकीचं उत्तर दिलं म्हणून.’’

‘‘मग लिवा. पर त्यांचं दुखणं लिवू नका. त्यांची अक्कल लिवा.’’

तरीही मला ते सहज जमलं नाही. पहिल्या खर्ड्यात आपल्या बहुमोल वेळेबद्दल आभार होते, संधीबद्दल कृतज्ञता होती, आणि असं एकही वाक्य नव्हतं जे बाकीच्या उमेदवारांना लिहिता आलं नसतं. दुसऱ्या खर्ड्यात सगळा दादाच होता. त्याचं वजन, त्याचे डोळे, शेवटची पहाट. तो वाचताना मला रडू आलं आणि त्यावरूनच कळलं की तो पाठवायचा नाही. ती तीन माणसं माझं सांत्वन करायला बसली नव्हती. त्यांच्या पुढ्यात पाटणची, कोयनेच्या खोऱ्यातली घरं होती आणि तिथे कुणाला पाठवायचं एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मग मी संस्थेचं माहितीपत्रक पुन्हा काढलं. पहिल्याच पानावर त्यांचं उद्दिष्ट एका वाक्यात होतं: आजारी माणूस घरी राहावा, आणि घर त्याच्याभोवती राहावं. सादरीकरणात मी हे वाक्य मोठ्या अक्षरात दाखवलं होतं. आता वाचताना दिसलं की माझ्या सगळ्या स्लाइड पहिल्या अर्ध्यासाठी होत्या. घर त्याच्याभोवती राहण्याबद्दल मी काहीच बोलले नव्हते, आणि मला थोडंफार काही ठाऊक होतं तर ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरबाईंच्या ज्या ई-मेलमधून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं त्यालाच उत्तर म्हणून मी लिहिलं:

‘काल आपण तिघांनी सविस्तर ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. हा निरोप कृपया बाकी दोघांनाही दाखवावा. पाणी पाजण्याच्या प्रश्नाला मी पत्रकाचं उत्तर दिलं. ते अपुरं होतं. माझ्या भावाची घरी शुश्रूषा करताना आम्ही दारावर तशी सूचना लावली होती. त्यामुळे ठसका थांबला, पण माणसंही यायची थांबली. पुढे परिचारिकेने दाखवल्याप्रमाणे पिळलेल्या ओल्या गॉजने ओठ आणि तोंड पुसण्याचं काम आम्ही भेटायला येणाऱ्यांना शिकवलं. ही कल्पना भावाचीच होती. माणसं परत आली. घर त्याच्याभोवती राहावं, या आपल्या वाक्याचा अर्थ मला तिथे समजला. म्हणून कुटुंबाला शिकवताना काय करू नये याच्या आधी हाताने काय करता येईल, तिथून मी सुरुवात करेन. मी परिचारिका नाही. जे शिकवायचं ते आपल्या परिचारिकांकडून आधी नीट शिकून घ्यावं लागेल, याची मला जाणीव आहे.’

वहिनीला वाचून दाखवलं. ‘‘हुकमाचं न्हाई लिवलं?’’ तिने विचारलं. मी म्हणाले, ते आपल्यापुरतं राहू दे. मग पाठवलं.

आठवडा गेला तरी उत्तर नव्हतं. वहिनीने विषय काढला नाही, त्यावरून तीही वाट बघतेय हे मला कळत होतं. मला वाटू लागलं, निरोप उशिरा गेला असेल, किंवा बढाईसारखा वाटला असेल. दादाला उगाच बाहेर काढलं असंही वाटलं.

एका संध्याकाळी फोन वाजला. परिचारिकाबाई होत्या.

‘‘तुमचा निरोप तिघांनी वाचला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गुण आम्ही त्याच दिवशी देऊन टाकले होते, ते काही बदललेले नाहीत. पण तुम्ही आणि आणखी एक जण बरोबरीला आलात. डॉक्टरबाई म्हणाल्या, जे विचारायचं राहिलंय ते तुम्हीच विचारा.’’

‘‘विचारा ना.’’

‘‘पिळलेलं गॉज म्हटलंत. कुणी पिळायला विसरलं तर?’’

‘‘विसरायचे,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणून वहिनी आधी तो तुकडा आपल्या तळहातावर दाबून बघायची. तळहातावर थेंब राहिला तर पुन्हा पिळायला लावायची. चुलत्यांना तिने तीनदा पिळायला लावलं होतं. आणि कुणी आलं की खाटेची उशाकडची बाजू उंच करायची, भाऊ झोपेत किंवा गुंगीत असेल तर कुणालाच करू द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं.’’

त्या म्हणाल्या, ‘‘ड्रेसिंग आणि नळीचं तुम्हाला माझ्याबरोबर फिरून शिकावं लागेल. निदान दोन महिने. तोवर एकटीनं कुठल्या घरी जायचं नाही.’’

‘‘चालेल.’’

‘‘मग सोमवारी या. आणि तुमच्या वहिनींना विचारा, त्यांचं हे तळहाताचं मी माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवलं तर चालेल का.’’

वहिनी चुलीपाशी होती. मी तिला विचारलं. तिने भाकरी उलटली, तिची कड तव्यावर बोटांनी दाबली, आणि म्हणाली, ‘‘माझं कशाचं? त्यांनीच डोळं वटारून शिकवलं मला. सांगा त्या बाईंना, ते म्हनायचं, सुबेदाराला पानी पाजायचं न्हाई, ओठ भिजवून सलामी द्यायची.’’

मग तिने दुसऱ्या भाकरीचं पीठ हातात घेतलं आणि पाठमोरीच विचारलं, ‘‘सोमवारी कितीची गाडी हाय?’’