गणपती उंबऱ्यावर आणि गाणं पुढे

यंदा मी हट्टच धरला, की गणपती घरात येताना मोबाईलवरचं गाणं लागणार नाही. गेल्या वर्षी ऐन उंबऱ्यावर त्यात जाहिरात सुरू झाली, नि मूर्ती हातात धरून मुलगा उभा. वर्षभर टोचत राहिलं हो मला. म्हटलं, गाणं मी करते, नातवंडं म्हणतील. मुलगा हसला, "माय, फजिती हुई तं मी मोबाईल लाई देसू."

शाळा मी पाहिली नाही, पोथ्या वाचून अक्षरं शिकले. म्हणून पहिलं गाणं पोथीसारखंच झालं, लांबलचक. थोरली नात म्हणाली, "आजी, मन्हा दम निंघी जास." खरंच की, एका श्वासात मावेल तेवढीच ओळ पाहिजे. मग सगळं खोडलं. घरात बोलतो तसं अहिराणीत लिहिलं. मी म्हणायचं, "बाप्पा उना दारे", पोरांनी टाळी देत म्हणायचं, "उना रे उना!", म्हणजे आला रे आला. पाच वर्षांच्या धाकटीलाही जमलं.

आदल्या दिवशी मूर्तीऐवजी पाट हाती घेऊन मुलगा फाटकातून आला. तालीमच ती. दुसऱ्याच कडव्यात मी लिहिलं होतं, "ये रे मझार", म्हणजे आत ये. गडी सरळ घरात!

"अरे, भाकरतुकडा ओवाळायचा ऱ्हायना! पाय धुवायचे ऱ्हायनात!"

"तूच तं बलावं ना माय!"

पोरं लोळून हसली, मी मात्र जेवले नाही. बसून कडवी हलवली. आधी भाकरतुकडा, मग पाय, मग कुंकू, ओवाळणं, आणि सगळ्यात शेवटी "मझार".

चतुर्थीला सकाळपासून मी दारात जा-ये करत होते. मुलगा आला, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. पोरांनी आवाज लावला. सुनेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पुढचं म्हटलं, "पाय धुवा, पाय धुवा", पोरांनी झेललं, "तापीनं पानी!", तापीचं पाणी. आणि सून माझ्याकडे बघतेय. पाण्याची लोटी स्वयंपाकघरातच राहिली होती! ती आत पळाली. पुढचं कडवं कुंकवाचं, ते म्हणावं तर पाय तसेच. गाणं तिथेच अडलं. मुलानं डोळ्यानं खिशाकडे खूण केली, कुणीतरी मोबाईल काढा म्हणून.

तेवढ्यात धाकटीनं एकटीनंच सुरू केलं, "पाय धुवा, पाय धुवा!" बाकीची चौघं लगेच, "तापीनं पानी!" पुन्हा तेच, पुन्हा तेच, टाळ्या अशा की मुलगाही जागच्या जागी हलायला लागला. सून लोटी घेऊन आली, पायांवर पाणी पडलं, तेव्हा कुठे मी कुंकवाचं कडवं उचललं. "मझार" म्हणताना माझा आवाज फुटला, पण पोरांचा नाही. देव आत आला.

चौरंगावर बसवल्यावर धाकटीला विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं तेच म्हणायला?"

"आजी, पाय आजून कोरडाच व्हतात ना!"