चौथ्या मजल्याची परवानगी

लिफ्टमास्तरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं आणि स्वतः राहिले लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लोक यावरून त्यांची चेष्टा करत. मास्तरही हसून म्हणत, "हलवायाला कुठं मिठाई लागते?" पण साठी उलटली, बायको गेली, आणि दोन्ही गुडघ्यांनी जवळजवळ एकाच महिन्यात संप पुकारला. मग ते धाकट्या बहिणीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. फ्लॅट भाड्यानं द्यायचा, त्या पैशात औषधपाणी भागवायचं आणि बहिणीवर भार टाकायचा नाही, असा सरळ हिशेब होता.

पहिले भाडेकरू होते एक फोटोग्राफर आणि त्याची बायको. दोघंही गुणी माणसं. ती दोघं तीन महिन्यांत घर सोडून गेली. "सर, दुसरीकडे जरा सोयीचं मिळालं," एवढंच तो म्हणाला आणि जाताना मास्तरांच्या नजरेला नजर देईना. मास्तरांना वाटलं, जिने कोणाला झेपतात?

दुसरी आली एक नर्स, सोबत तिचे अंथरुणाला खिळलेले वडील. मास्तरांनी रीतसर करार नोंदवला, त्याची प्रत सोसायटीत दिली, पोलिसांनाही कळवलं. सेक्रेटरीनं प्रत ठेवून घेतली. सेक्रेटरी म्हणजे अतिशय मऊ बोलणारा माणूस. पंधरा वर्षांत त्याचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. तरी तो जिन्यात भेटला की लोक भिंतीकडे सरकून वाट देत.

"मास्तर, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "परवानगीचं मी बघतो."

सोसायटीच्या पुढच्या बिलात बिनभोगवटा शुल्काची ओळ वाढली. मालक स्वतः राहत नाही, म्हणून लागणारा आकार. मास्तरांनी तो निमूट भरला. आपलं घर, आपला भार.

दोन महिन्यांनी नर्सचा फोन आला. ती हळू बोलत होती, पलीकडे कोणी ऐकत असल्यासारखी.

"काका, घर सोडायचं म्हणते."

"का गं? जिने?"

"जिने नाहीत." तिनं आवाज आणखी खाली आणला. "पाणी येत नाही. बाकी सगळ्यांकडे येतं. बाबांचे कपडे मी हॉस्पिटलात नेऊन धुते."

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. बहीण ओरडत राहिली, पण त्यांनी काठी घेतली आणि ते त्या जिन्याला भिडले. दर मजल्यावर थांबावं लागे. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडं होतं. मास्तर दिसताच ते आतून लोटलं गेलं, आवाज न करता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकेकाळी मास्तरांच्या बायकोला आजारपणात महिनाभर डबा दिला होता. त्या दारात उभ्या होत्या. "बरे आहात ना, मास्तर?" म्हणाल्या, आणि उत्तर यायच्या आत वर बघून आत गेल्या.

वर नर्सनं दार उघडलं, पण साखळी लावूनच. ओळख पटल्यावर साखळी काढली. पलंगावर म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "तेच का?" मुलगी म्हणाली, "नाही बाबा, हे घरमालक." तेव्हा कुठं त्याचा हात चादरीवर सैल पडला.

मास्तरांनी नळ पाहिले. हवा आली, पाणी नाही. मशिनरीत जन्म गेलेला माणूस. खाली काही नसेल तर वर काहीतरी असणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गच्चीच्या दाराला नेहमी कुलूप असे, पण टाकीवाला आला होता. त्याच्या मागोमाग ते गच्चीत गेले. टाकीखाली प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह होता. चौथ्या मजल्याचा पूर्ण बंद, आणि चाकाला तार गुंडाळून पिळलेली.

"ही कोणी बांधली?"

टाकीवाल्यानं खाली पाहिलं. "मला काही विचारू नका, मास्तर. माझी पोरं आहेत."

मास्तरांनी तार सोडली. चाक फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

खाली फ्लॅटमध्ये आल्यावर नर्सनं सगळं सांगितलं. ती राहायला आली त्याच आठवड्यात सेक्रेटरी दारात आला होता. बाहेरच्या माणसानं राहायचं तर सोसायटीची ट्रान्सफर फी भरावी लागते, असं त्यानं गोड आवाजात सांगितलं. तिनं उसनवारी करून पैसे भरले. पावतीवर लिहून आलं, 'स्वखुशीनं देणगी'. महिन्याभरानं तो पुन्हा आला. म्हणे, परवानगी अजून कमिटीत अडकली आहे, आणखी थोडं द्यावं लागेल. तिनं नाही म्हटलं. त्या दिवसापासून नळ कोरडे.

"मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, मालकाला कळवलं तर तेच आधी बाहेर काढतील तुम्हाला."

फोटोग्राफर का गेला, ते मास्तरांना आता उमगलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण जिन्यांना दोष देऊन मोकळे झालो होतो.

तसेच ते पावती घेऊन रिक्षानं सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात गेले. तिथल्या कारकून बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पावती वाचली. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"फ्लॅट विकला, सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर झालं, की ट्रान्सफर फी लागते. त्यालाही मर्यादा आहे. भाड्यानं देताना मालकानं कळवायचं, कराराची प्रत द्यायची. वेगळी परवानगी विकत घ्यायची नसते. आणि बिनभोगवटा शुल्क मालकाकडून, सेवा आकाराच्या एक दशांशाहून जास्त नाही. त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. भाडेकरूचा यात संबंधच नाही."

"मग हे पैसे?"

"परत मिळायला हवेत. अर्ज द्या. पण काका," बाई पावती परत देताना म्हणाल्या, "तुम्हाला राहायचंय का तिथं?"

"नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि हे 'बरं' मास्तरांना घरापर्यंत सलत राहिलं.

अर्ज गेला. सोसायटीला नोटीस आली. पुढच्या सभेत मास्तर उभे राहिले आणि पावती सर्वांसमोर वाचली. इतरही तिघांचे फ्लॅट भाड्यानं दिलेले होते. तिघांनीही माना खाली घातल्या. सेक्रेटरीनं सगळं शांतपणे ऐकलं, चूक कारकुनी असल्याचं सांगितलं, आणि नर्सचे पैसे परत करतो म्हणाला. केलेही, आठवड्याभरात. कमिटीच्या निवडणुकीत तो बिनविरोध निवडून आला. टाळ्या वाजल्या, वाजवणाऱ्यांत ते तिघंही होते.

नर्स मात्र राहिली. "कुठं जाऊ काका? बाबांना पुन्हा जिन्यावरून उतरवायचं कोणी?" मास्तरांनी दाराला आतून भक्कम कडी बसवून दिली आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली सोसायटीकडून लेखी मागून घेतली. पाणी नियमित येऊ लागलं.

निवडणुकीनंतरच्या रविवारी सेक्रेटरीचा फोन आला. आवाज तोच, लोण्यासारखा.

"मास्तर, राग नाही ना? आता भेट होतच राहील. तुमचे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"जपा. ते जिने फार वाईट आहेत." मग सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आणि त्या सिस्टरलाही सांगा. ड्यूटीवरून एकटीच येते."

फोन बंद झाला. बहिणीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण होतं म्हणून. मास्तरांनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि नर्सची ड्यूटी किती वाजता सुटते, हे तिला विचारायला पुन्हा फोन उचलला.