दीपमालाचं केनन आणि विसन

दीपमाला भातकुलीची. तिचे वडील केशवराव पालक-मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात आणत. ती शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळावी म्हणून प्रियदर्शनी मॅडमच्या जर्मन भाषेच्या क्लासला जात होती.

पाठांतरात पक्की, पण मिश्र क्रियापदांनी तिला जेरीस आणलं. ‘ब्रिंगन’ म्हणजे आणणं. त्याचा भूतकाळ तिनं बिनदिक्कत ‘ब्रिंगटे’ केला.

“साध्या क्रियापदांसारखं शेवटी ‘टे’ लागतं, पण आतला स्वरही बदलतो,” मॅडम म्हणाल्या. “ब्रिंगन, ब्राख्टे. डेंकन, म्हणजे विचार करणं, त्याचं डाख्टे. केनन, म्हणजे ओळखणं, त्याचं कान्टे.”

घरी जुड्या बांधतानाही तिचं तेच चाललेलं. केशवराव वैतागले, “पोरी, काय ब्राख्टे ब्राख्टे करून राह्यली?”

“आणलं म्हनून राह्यली, बाबा.”

“मंग आणलं म्हन ना!”

पुढच्या तासाला ती उत्साहानं म्हणाली, “इश वाइस भातकुली.” मला भातकुली माहीत आहे, असं तिला म्हणायचं होतं. मॅडम हसल्या.

“गाव असो की माणूस, परिचय असेल तर केनन. ‘इश केने भातकुली.’ आणि एखादी गोष्ट ठाऊक असेल, कुठे आहे, कोण आहे, काय घडलं, तर विसन. ‘वाइस’ हे त्याचंच रूप.”

“पण मॅडम, आमी तं गावालेही ‘माहीत’च म्हनतो.”

“म्हणूनच तर आपण सगळे इथं फसतो. मीही फसले होते.”

मुलाखत व्हिडिओवर झाली, क्लासच्याच खोलीत. वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, स्मृती गेलेल्या रुग्णाची सेवा केली आहे का?

दीपमालाला गोदाबाई आठवल्या. दवाखान्यात असताना त्या तिला रोज नव्या नावानं हाक मारायच्या, पण घास घ्यायच्या फक्त तिच्याच हातून. पाठ केलेलं उत्तर बाजूला राहिलं.

“झी वुस्टे निश्ट, वी इश हाइसे,” ती म्हणाली. माझं नाव काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. “आबर झी... केन्टे...” ती थांबली. कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी श्वास रोखला. “कान्टे! आबर झी कान्टे मिश.” पण त्या मला ओळखत होत्या.

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला. आता त्यांची आठवण येते का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“इश हाबे ओफ्ट आन झी गेडाख्ट.” कितीदा तरी आठवल्या मला त्या. डेंकनच्या या रूपावर मात्र ती अडखळली नाही.

आठवड्याभरात निवडीचा निरोप आला. मॅडमनी क्लासमध्ये पेढे वाटले, आणि पेढा खाताना दीपमालाच रडली.

निघायच्या दिवशी केशवराव तिची पिशवी गाडीत ठेवून बाजूला उभे राहिले. गाडी हलताना ते खिडकीशी वाकून म्हणाले, “तिथं कोनी म्हातारं एकटं बसलं असन, तं दोन घडी जवळ बसजो, माय.”