उपवास नव्हे, पथ्य

भाच्याला विचारूनच हे लिहितोय. त्याच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि बायको पिशोरला माहेरी जाऊन बसली होती. ना भांडण, ना तंटा. "त्यांना मी आवडतच नाय," एवढंच ती सांगून गेली. ते घरभर फिरून माझ्याकडे आलं. नाजूक प्रकरणं माझ्याकडेच येतात. माझं तोंड मोठं असलं तरी पोट त्याहून मोठं आहे.

टपरीवर चहा घेताना तो ग्लासात बघत बोलला. कॉलेजपासून मोबाईलवर तसले व्हिडिओ बघायची सवय. आता थांबवताच येत नाही, आणि बायको जवळ आली की शरीर साथ देत नाही. मग त्यानं रस्त्याकडेच्या वैदूच्या तंबूतून आणलेली ताकदीची पावडर काढली. मी हुंगली. शुद्ध मेथी. म्हटलं, याचे लाडू छान होतील.

तिथून त्याला गारखेड्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. मी बाहेर मासिक उलटं धरून बसलो. त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. शरीर ठणठणीत होतं. एकटा असताना काही अडत नव्हतं. म्हणजे कमजोरी नाही, सवय. ओढ कधी लागते तेही त्यांनी शोधायला लावलं. निघालं, की सेकंड शिफ्टवरून रिकाम्या खोलीत आल्यावर. तो माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून फोन रात्री खाली माझ्याकडे चार्जिंगला. ओढ लागली की तिच्याशी झुंजायचं नाही. उठून खोलीबाहेर यायचं, ती चढते तशी उतरते.

काही आठवडे बरे गेले. मग सुट्टीच्या दिवशी एकदा पाय घसरला आणि पठ्ठ्यानं अख्खा दिवस तेच बघितलं.

"मामा, उपवास मोडलाच होता," तो रडवेला होऊन म्हणाला, "मग म्हटलं, जेवूनच घ्यावं."

आमच्या घराण्याचा हा जुनाच हिशोब. बाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "हा उपवास नाही, पथ्य आहे. शुगरवाल्यानं एक जिलबी खाल्ली म्हणून तो परात संपवत नाही. पुढच्या घासापासून पुन्हा पथ्य." भाच्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी विषय बदलला. मला शुगर आहे, आणि परात मी संपवलेली आहे.

मग त्यानं पिशोरला जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्यात खोट नव्हती?"

ती परत आली, बाईंकडेही आली. बाईंनी दोघांना सांगितलं, तूर्त शेवटची गोष्ट बंद. जवळ बसा, हात धरा, पाठ चेपा, गप्पा मारा. परीक्षा नाही, निकाल नाही.

मागच्या आठवड्यात एका रात्री भाचा फोन ठेवायला खाली आला आणि दारातच घुटमळला.

"मामा, ती मनाई अजून किती दिवस असती?"

"का रे?" मी अगदी भोळा चेहरा केला.

"नाय, आमाला दोघांनाबी इचारायचं होतं."

मी म्हटलं, बाईंनाच विचारा. दोघं विचारून, परवानगी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन दुपारपर्यंत माझ्याकडेच पडून होता.